हेल काढून बोल, बोबडं बोलू नकोस

चि. निनाद यास,


तुझी मेल वाचली. तुमच्या तान्ह्या ओवीशी लाडे लाडे बोलायचं नाही, पहिल्यापासून मोठ्या माणसासारखं सरळ बोलायचं, म्हणजे तिची भाषा स्वच्छ होईल, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. आणि तुझी आई मात्र येता-जाता हेल काढून तिच्याशी बोलते, तर तिला हे कसं सांगायचं, असं मला विचारतोस. ताईला काहीही सांगू नकोस. लहान मुलांच्या बोलण्यावर उपचार करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते: तुमच्या घरात या बाबतीत ओवीला सगळ्यात जास्त उपयोगाचं कोणी बोलत असेल, तर ती तुझी आई.

तुझ्या मनात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. ‘माझं थोनुलं तुथे दातंय’ हे बोबडं बोलणं. त्यात शब्दच मोडलेले असतात आणि ते ऐकून मुलाला काही मिळत नाही. ताई जे करते ते वेगळं. ‘कुठेऽ चाललंय माझं सोनं? हंऽऽ? कुठेऽऽ?’ यातले शब्द खरे आहेत, व्याकरण शुद्ध आहे. फक्त वाक्य लहान आहे, आवाज वर चढून खाली उतरतो, स्वर लांबतात आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडी जागा सुटते. बोबड्याला तुझा विरोध असेल तर मी तुझ्या बाजूने आहे. हेल मात्र सोडू नकोस.

हेलाने काय होतं ते पाहू. पहिलं म्हणजे बाळ ऐकतं. अ‍ॅन फर्नाल्ड यांनी १९८५ साली चार महिन्यांच्या बाळांवर एक साधा प्रयोग केला. बाळाने एका बाजूला मान वळवली की हेल काढून बोलणारी बाई ऐकू यायची, दुसऱ्या बाजूला वळवली की मोठ्यांशी बोलतो तसं बोलणं. बाळं हेलाकडे जास्त वेळा वळली. मग १९८७ मध्ये त्यांनी पॅट्रिशिया कुल यांच्यासोबत बोलण्यातले शब्द काढून टाकले आणि आवाजाचा नुसता चढउतार ठेवला. तरीही बाळं त्याच बाजूला वळली. म्हणजे अर्थ कळायच्या कितीतरी आधी ‘हे माझ्यासाठी आहे’ हे बाळाला त्या चढउतारावरून कळतं. आपण एकमेकांशी बोलतो त्या आवाजाकडे ते लक्ष देतंच असं नाही.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. आपण बोलताना शब्दांमध्ये जागा सोडत नाही. लिहिताना सोडतो, म्हणून तसा भास होतो. तू घाईत ‘चल तुला आता अंघोळ घालूया हं’ म्हणालास, तर ओवीच्या कानावर पडतो तो एकच सलग आवाज. त्यात शब्द कुठे संपला आणि कुठे सुरू झाला, हे तिला शोधून काढायचं असतं. २००५ मध्ये अमेरिकेत सात महिन्यांच्या आसपासच्या बाळांना बनावट शब्द सलग जोडून ऐकवले. हेल काढून ऐकवले तेव्हा बाळांना त्यातले शब्द वेगळे काढता आले, सपाट आवाजात ऐकवले तेव्हा आले नाहीत. ओवी आज नेमकी त्याच वयाची आहे.

स्वरांबद्दलही एक गाजलेलं निरीक्षण आहे. अमेरिकन, रशियन आणि स्वीडिश आया बाळाशी बोलताना ई, आ, ऊ हे स्वर एरवीपेक्षा ताणून, एकमेकांपासून अधिक वेगळे उच्चारतात, असं १९९७ मध्ये दिसलं. मांजराशी आणि कुत्र्याशी बोलताना माणसं आवाज तितकाच उंच करतात, पण स्वर तेवढे ताणत नाहीत, अशी गंमतही पुढे कोणी तरी मोजून ठेवली. नॉर्वेजियन आणि डच आयांमध्ये मात्र हे ताणणं तसं सापडलं नाही. म्हणून मी स्वरांवर फार भर देत नाही. लक्ष वेधणं आणि शब्द सुटे होणं, या दोन गोष्टी मला पुरेशा वाटतात.

आता तुझा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय: मग भूभू, माऊ, मम्मं, भुर्र यांचं काय? हे शब्द कोणी लाडात येऊन मोडलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला तो मराठीचा स्वतःचा साठा आहे. अशोक केळकरांनी १९६४ साली मराठीतल्या या बाळबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातल्या सहा भाषांची बाळबोली ताडून पाहिली, त्यात मराठी होती. असे शब्द बहुतेक भाषांत एकाच घडणीचे निघतात: ओठांनी सहज म्हणता येणारे आणि तेच अक्षर दुहेरी. एडिंबराच्या अभ्यासकांना २०१८ मध्ये आढळलं की दुहेरी अक्षरांचे शब्द जास्त ऐकलेल्या मुलांचा शब्दसंग्रह नऊ ते एकवीस महिन्यांच्या काळात जास्त वेगाने वाढला. तेव्हा आज भूभू म्हण, वर्षभराने ‘तो बघ भूभू, काळा कुत्रा’ म्हण, आणि पुढे भूभू आपोआप गळून पडेल. दहावीतला मुलगा मम्मं मागताना मी तरी पाहिला नाही.

हे सगळं करायचं कधी, तर वेगळा वेळ काढून नाही. तेल लावणं, अंघोळ, कपडे बदलणं, भरवणं यातच करायचं. उदाहरणार्थ तेल लावणं घे. ओवी उताणी आहे, तुझं तोंड तिच्यापासून हातभर अंतरावर आहे. तिचा पाय हातात घे आणि म्हण, ‘कुठंय ओवीचा पाऽऽय?’ मग थांब. ‘हा बघ पाय!’ पुन्हा थांब. ‘तेल लावूया पायाला. या पायाला... आणि या पायाला.’ इथे दोन गोष्टी लक्षात घे. नवा शब्द वाक्याच्या शेवटी आलाय आणि हेल त्याच्यावरच चढलाय. शेवटचा शब्द कानात जास्त टिकतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं खरं, पण बाळाशी बोलताना आपण सहज ते उलटं करतो, ‘आली बघ चिऊ’, ‘संपलं दूध’. ते मुद्दाम बिघडवलेलं वाक्य नाही, ऐकायला नैसर्गिकच आहे. दुसरं, आधी नुसता ‘पाय’, मग ‘पायाला’. आपल्या भाषेत प्रत्यय लागला की शब्दाचं रूप हलतं, डोळा-डोळे-डोळ्यात. म्हणून मूळ शब्द एकदोनदा मोकळा कानावर पडू द्यावा आणि लगेच त्याची रूपं यावीत, असं मी पालकांना नेहमी सांगत आले.

आता त्या थांबण्याबद्दल, कारण नव्या आईबापांची चूक बहुतेक इथे होते. कोणी तरी सांगितलेलं असतं की बाळाशी भरपूर बोला. मग ते क्रिकेटच्या समालोचनासारखे न थांबता बोलत सुटतात आणि बाळाची पाळी येतच नाही. वाक्य झालं की मनात चारपर्यंत मोज आणि तिच्याकडे बघ. ती ‘आऽ’ करेल, पाय झाडेल, नुसती तोंड उघडेल. ते तिचं उत्तर समज आणि लगेच दाद दे: ‘होऽऽ? असं होय!’ लगेच, हा शब्द महत्त्वाचा. मायकेल गोल्डस्टीन यांच्या प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांनी आवाज काढताच ज्यांच्या आया हसल्या किंवा त्यांना हात लावला, त्या बाळांचे आवाज थोड्याच वेळात अधिक सुधारलेले, अक्षरांच्या जवळ जाणारे झाले. दुसऱ्या गटातल्या आयांनी हसणं आणि स्पर्श तेवढाच दिला, पण बाळाच्या आवाजाशी जुळवून न घेता; तिथे हा फरक पडला नाही. सिअ‍ॅटलमध्ये काही पालकांना बाळ सहा, दहा आणि चौदा महिन्यांचं असताना हे हेल काढून, पाळीपाळीने बोलणं समजावून दिलं. दीड वर्षाची झाल्यावर त्यांची मुलं सरासरी शंभराच्या आसपास शब्द बोलत होती, बाकीच्यांची साठच्या आसपास. २०२० सालचा अभ्यास आहे. आकडा ओवीला लावून बघत बसू नकोस; या वयात मुलांमुलांत फार फरक असतो.

ती मान वळवून दुसरीकडे बघू लागली, डोळे चोळू लागली, की पुरे झालं असं समज. तेव्हा आवाज आणखी चढवून तिला परत ओढायचं नाही. गप्प बसून तेल लावलंस तरी चालेल.

मोबाइलवरच्या बडबडगीतांवर भिस्त ठेवू नकोस. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना समोर बसून कोणी चिनी बोललं, तेव्हा बारा बैठकांत त्यांच्या कानाला चिनी ध्वनींमधले फरक कळू लागले. तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तेव्हा काहीच फरक पडला नाही. तुझी बायको कन्नड बोलते ना? तिने कन्नडमध्येच हेल काढावेत, तू मराठीत. सुट्टीच्या दिवशी तेल तू लाव. बापांचा आवाज आयांइतका वर चढला नाही तरी काही बिघडत नाही, वाक्य लहान कर आणि थांबत जा.

या बोलण्याच्या मर्यादाही जाणून घे. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया समाजात मोठी माणसं तान्ह्या बाळांशी थेट फार थोडं बोलतात, तरीही तिथली मुलं बोलण्याचे सुरुवातीचे टप्पे वेळेवर गाठतात. म्हणजे हेलाविना भाषा येतच नाही असं नाही, आणि हेलाने ओवी इतरांच्या पुढे धावेल असंही नाही.

एका गोष्टीवर मात्र हेलाचा काही इलाज नाही: कानाने ऐकू येत नसेल तर. ती दहा महिन्यांची होईपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरं काढू लागली नाही, किंवा पाठीमागून हाक मारली तर कधीच वळत नसेल, तर ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले’ हे कोणाचंही न ऐकता बेरा चाचणी करून घे. जन्मल्यावर तिची श्रवणचाचणी झाली होती का, तो कागद फाइलमध्ये शोध आणि मला कळव.

सौ. ला आशीर्वाद, ताईला नमस्कार.

तुझी
मावशी