तीनला निघायचंय, हे मॅडमना कसं सांगशील

पोरी, तुझ्या आईने सांगितलं की गुरुवारी साडेचारला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, आणि मॅनेजरला सांगायचं कसं या विचाराने तुला दोन दिवस नीट जेवणही गेलेलं नाही. माझी उभी नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये गेली. मस्टर, पंचिंग कार्ड, गेटपास, हाफ डे हे सगळं माझ्याच टेबलावरून जायचं. लवकर जायची परवानगी मागणारी माणसं मी रोज पाहिली आहेत. कुणाला ती चटकन मिळते आणि कुणाचं घोडं कुठे अडतं, हे मला नीट ठाऊक आहे. म्हणून सांगतो.

मॅडमसमोर जायच्या आधी कागद घेऊन बस आणि हिशेब मांड. बहुतेक माणसं हा भाग सोडतात आणि थेट ‘मॅडम, जरा लवकर जायचं होतं’ असं म्हणतात. ‘जरा’ म्हणजे किती? समोरच्या माणसाला तेच कळत नाही, म्हणून तो चाचरतो. तुझं ऑफिस हिंजवडीला, दवाखाना डेक्कनला. दुपारीही वाकडच्या पुलापाशी गाडी किती वेळ अडकेल याचा भरवसा नाही. दवाखान्यात पंधरा मिनिटं आधी बोलावलं आहे, म्हणजे तीनला निघायलाच हवं. तुझी वेळ दहा ते सात, मधला तास जेवणाचा, म्हणजे कामाचे आठ तास. तीनला निघालीस तर चार तास बुडतात. आता ‘जरा लवकर’ नाही, ‘चार तास’ असं तुझ्या तोंडी येईल.

पुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण तू आईला म्हणालीस की ‘रात्री घरून लॉगिन करून भरून देईन’. तसं अजिबात कबूल करू नकोस. तुझा नंबर मोठा आहे, म्हणून डॉक्टर पडदा तपासणार. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. ते एकदा घालून भागत नाही, पुन्हा पुन्हा घालतात आणि बाहुली पुरती मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यांत खुपतो. काहींचं तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरतं निवळत नाही. अशा डोळ्यांनी रात्री आठला स्क्रीनसमोर बसून तू काय करणार? बसलीस तर चुका करशील, नाही बसलीस तर शब्द मोडशील. माणूस चार तास लवकर गेला हे मॅनेजर विसरते, पण ‘रात्री करते’ म्हणून केलं नाही हे विसरत नाही. त्या दिवशी स्कूटरही नेऊ नकोस. कॅबने जा, गडद चष्मा पर्समध्ये टाक, आणि परतीच्या वेळी आईला दवाखान्यात बोलावून घे.

मग तास भरायचे कधी? जमतील तेवढे आधीच भर. उधार मागणाऱ्यापेक्षा आगाऊ देणाऱ्याचं ऐकणं कुणालाही सोपं जातं. बुधवारी दहाऐवजी साडेआठला ये आणि नेहमीसारखी सातला नीघ. दीड तास झाला. गुरुवारीही साडेआठला ये, आणखी दीड. उरला एक तास, तो शुक्रवारी आठपर्यंत थांबून भर. झाले चार. जेवणाची सुट्टी कापून तास भरायच्या फंदात मात्र पडू नकोस. ते तास कुणी मोजत नाही आणि थेंब घालायच्या दिवशी उपाशी राहण्यात काही अर्थ नाही.

पण एक खात्री आधी करून घे. तुमच्या कंपनीत तास दिवसाचे मोजतात की आठवड्याचे? आठवड्याचे मोजत असतील तर माझा हिशेब तंतोतंत बसेल. दिवसाचे मोजत असतील, तर बुधवारी तू कितीही लवकर आलीस तरी गुरुवारच्या खात्यात ते तास जाणार नाहीत, आणि मशीन गुरुवारी हाफ डे लावून मोकळं होईल. हे एचआरच्या पोर्टलवर लिहिलेलं असतं. नसेल तर एचआरच्या मुलीला एक फोन कर. दिवसाचा हिशेब असेल तर मॅनेजरने तुझी हजेरी हाताने दुरुस्त करून मंजूर करावी लागते. त्याला तुमच्याकडे रेग्युलरायझेशन म्हणतात ना, ते. तेही होत नसेल, तर सरळ अर्धी कॅज्युअल टाक. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी नैमित्तिक रजा दिल्या आहेत आणि त्या वर्षअखेरीस न वापरल्यास बुडतात. ती तुझ्या हक्काची रजा आहे. ‘तास भरून देते’ ही मात्र सवलत आहे, हक्क नाही. हा फरक मनात असला म्हणजे बोलताना आवाज योग्य राहतो. मागताना अजिजी नाही आणि ताठाही नाही.

आता सांगायचं कधी? आज सोमवार आहे, उद्या मंगळवारी सांग. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाही आणि टीमच्या ग्रुपवर तर नाहीच. ग्रुपवर लिहिलंस की मॅडमना चारचौघांत उत्तर द्यावं लागतं, आणि चारचौघांत माणूस नियमावर बोट ठेवतो. मीटिंग संपली, त्यांनी चहा घेतला, की अकराच्या सुमाराला दोन मिनिटं माग. मग इतकंच म्हण:

‘मॅडम, गुरुवारी साडेचारला माझी डॉक्टरांची वेळ आहे, मला तीनला निघावं लागेल. बुधवारी आणि गुरुवारी मी साडेआठला येते, शुक्रवारी आठपर्यंत थांबते, म्हणजे चारही तास भरून निघतात. गुरुवारचा रिपोर्ट मी दोनपर्यंत पाठवते. चारच्या क्लायंट कॉलला माझ्याऐवजी कोण बसेल तेही बोलून ठेवलं आहे. तपासणीनंतर त्या संध्याकाळी मला स्क्रीनवर काम करता येणार नाही, म्हणून ऑनलाइन नसेन.’

बघ, यात ‘सॉरी’ एकदाही नाही. तू काही गुन्हा केलेला नाहीस. आणि ‘बोलून ठेवलं आहे’ असं म्हणतेस तर ते खरंच आधी बोललेलं असू दे. शेजारच्या मुलाला कॉलवर बसायला सांगशील तेव्हा त्याला मागच्या आठवड्यात काय ठरलं ते दहा मिनिटं समजावून सांग. नाहीतर कॉल चालू असताना तो तुला फोन करणार, आणि तू दवाखान्यात डोळे मिटून बसलेली असणार.

‘काय झालं गं?’ असं मॅडम विचारतील. बहुतेक वेळा काळजीनेच विचारतात, त्यात वाकडं घेऊ नकोस. पण आजाराचं नाव सांगायचं की नाही, हे तू ठरवायचं. त्यांना कामासाठी एवढंच कळायला हवं की तू किती वाजता जाणार, कधी परत येणार आणि मधल्या वेळात काय जमणार नाही. ‘नेहमीची तपासणी आहे, मॅडम, काळजीचं काही नाही’ एवढ्यावर थांबलीस तरी चालेल. खोटं मात्र सांगू नकोस. आजोबांना बरं नाही, घरी पाहुणे आले, असली कारणं तिसऱ्या दिवशी उघडी पडतात, आणि मग पुढची खरी अपॉइंटमेंटही संशयात जाते.

त्या ‘बघू’ म्हणाल्या तर? आमच्या फोरमनचंही तेच असायचं. कामगार ‘बघू’ला होकार समजून गेटवर यायचा, गेटपासवर सही नसायची, आणि रखवालदार त्याला आत पाठवायचा. ‘बघू’ म्हणजे हो नाही. तिथेच नम्रपणे विचार, ‘मग गुरुवारी तीनला निघते असं धरून चालू का? नसेल तर आज संध्याकाळपर्यंत सांगाल का, म्हणजे मी दवाखान्यात कळवते.’ चारच्या कॉलला तूच हवीस असं त्यांनी ठामपणे सांगितलं, तर स्वतःला विचार की ही तपासणी शनिवारी गेली तर चालेल का. तुझी वर्षाची नेहमीची तपासणी असेल तर चालेल, शनिवारची वेळ घे. डॉक्टरांनी याच आठवड्यात या म्हटलं असेल तर तेही स्पष्ट सांग: ‘डॉक्टरांनी याच आठवड्यात बोलावलं आहे, पुढे ढकलता येणार नाही.’ हे वाक्य ऐकून अडवणारी माणसं थोडी असतात.

होकार मिळाला की पाच मिनिटांत लेखी पाठव. मेल किंवा चॅट, दोन ओळी पुरे: ‘आपलं बोलणं झाल्याप्रमाणे गुरुवारी ३ वाजता निघेन. बुध-गुरु ८.३० ला येईन, शुक्रवारी ८ पर्यंत थांबेन.’ तुला हे अविश्वासाचं वाटेल, पण तसं नाही. माझ्यासमोर किती जण पगाराच्या दिवशी हाफ डेची चिठ्ठी घेऊन उभे राहिले! साहेबांनी तोंडी हो म्हटलेलं असायचं, पण महिनाअखेरीस त्यांनाही आठवत नसायचं किंवा ते दुसऱ्या शिफ्टला गेलेले असायचे. खोटं कुणीच बोलत नव्हतं. फक्त लिहिलेलं काही नसायचं.

गुरुवारी सकाळी एका ओळीत आठवण कर. पावणेतीनला काय झालं, काय राहिलं, कुणाकडे दिलं, एवढं लिहून पाठव आणि ऊठ. उठताना पुन्हा ‘जाऊ ना मॅडम?’ असं विचारू नकोस. ठरलेली गोष्ट पुन्हा विचारली की ती पुन्हा उघडी पडते, आणि ‘जाता जाता एवढं बघून जा’ सुरू होतं. तीन म्हणजे तीन.

शुक्रवारी आठला काम आवरलं की कळव: ‘गुरुवारचे तास पूर्ण झाले.’ पोर्टलवर रेग्युलरायझेशनची विनंती त्याच दिवशी टाक, कारण हजेरीचा महिना कधी बंद होतो हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तर पुढची तारीखही तेव्हाच सांगून टाक. पडदा कुठे पातळ झालेला दिसला तर ते लेझरसाठी वेगळ्या दिवशी बोलावू शकतात. अशा फेऱ्या एकेक करून सांगितल्या की दर वेळी नवी सवलत मागितल्यासारखं वाटतं. सगळ्या तारखा एकदम समोर ठेवल्या की मॅडमही त्याप्रमाणे काम लावतात.

आणि एक ऐक. हे सगळं वेळ घेऊन ठेवलेल्या तपासणीसाठी आहे. मोठा नंबर असलेल्या डोळ्यात अचानक काळे ठिपके किंवा जाळी खूप वाढली, विजेसारखे झोत दिसायला लागले, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर मंगळवार-गुरुवार काही बघायचं नाही. पडदा सुटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावे लागतात. तेव्हा परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. कॅबमध्ये बसून मॅडमना एक ओळ पाठव, ‘डोळ्याची इमर्जन्सी आहे, दवाखान्यात निघाले आहे’, आणि त्याआधी मला फोन कर. मी दवाखान्याच्या दारात येऊन थांबतो.