घटक 7 : वरिष्ठांकडे निर्णयासाठी पाठवायचा ई-मेल – मांडणीचा क्रम

7.0 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –
- पारंपरिक कार्यालयीन पत्राचा क्रम निर्णयाच्या ई-मेलला का अडचणीचा ठरतो, हे सांगता येईल.
- अपेक्षित निर्णय, मुदत आणि परिणाम या तीन बाबी आरंभी मांडता येतील.
- मराठी वाक्यरचना नम्र ठेवून मागणी स्पष्ट करता येईल.

7.1 प्रास्ताविक

आपल्या स्तरावर सुटत नसलेला प्रश्न संचालकांसारख्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे ठेवण्यासाठी जो ई-मेल लिहिला जातो, त्याला कार्यालयांत ‘एस्कलेशन’ असे म्हणतात. हा ई-मेल माहिती देण्यासाठी नसतो आणि तक्रारीसाठीही नसतो. जो निर्णय घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, तो ज्यांना आहे त्यांच्याकडून वेळेत मिळविणे, एवढाच त्याचा हेतू असतो.

मागील घटकांत आपण अर्ज आणि कार्यालयीन पत्र यांचे नमुने पाहिले. त्यांत आधी विषय, मग पार्श्वभूमी, मग कारणे आणि शेवटी विनंती असा क्रम असतो. प्रस्तुत घटकात आपण हाच क्रम उलटा करणार आहोत.

7.2 विषय-विवेचन

7.2.1 एक मसुदा

पुढील उदाहरण अभ्यासासाठी कल्पिलेले आहे. एका दूध संघाच्या शीतकरण केंद्राचे व्यवस्थापक कार्यकारी संचालकांना बुधवार, दि. 15 ऑक्टोबर रोजी लिहितात :

> विषय : शीतकरण केंद्रातील बल्क कूलरबाबत.
>
> महोदय,
> उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपल्या केंद्रात प्रत्येकी 5,000 लिटर क्षमतेचे दोन बल्क कूलर असून त्यांपैकी क्र. 2 चा कॉम्प्रेसर दि. 6 रोजी बंद पडला आहे. तो दुरुस्त होण्याजोगा नसल्याचे तंत्रज्ञांनी कळविले आहे. खरेदी विभागाकडे दि. 7 व दि. 10 रोजी पाठपुरावा करण्यात आला असता, आवश्यक तीनपैकी दोनच दरपत्रके प्राप्त झाल्याचे कळविण्यात आले. सध्या टँकरची जादा फेरी करून दूध हलविण्यात येत आहे. तथापि शनिवारपासून जादा फेरी देण्यास ठेकेदाराने असमर्थता दर्शविली आहे. सबब, गंभीर परिणाम टाळण्याच्या दृष्टीने याबाबत लवकरात लवकर योग्य तो निर्णय घेण्यात यावा, ही विनंती.

व्याकरणदृष्ट्या या मसुद्यात दोष नाही. तथापि तो वाचून संचालकांनी नेमके काय करावयाचे, हे कळत नाही. कॉम्प्रेसर विकत घ्यावा, खरेदी विभागाला जाब विचारावा की दुसरा टँकर शोधावा? ‘योग्य तो निर्णय’ म्हणजे कोणता, हे ठरविण्याचे काम लेखकाने वाचकावर सोपविले आहे. खरी अडचण अशी की तिसरे दरपत्रक आलेले नाही, आणि दोन दरपत्रकांवर खरेदी करण्याची सूट देण्याचा अधिकार या संघात फक्त संचालकांना आहे. अधिकाराची ही गोष्ट मसुद्यात कोठेही आलेली नाही.

7.2.2 ‘सबब’ची कसोटी

पारंपरिक पत्रात ‘सबब’, ‘यास्तव’, ‘तरी’ यांपैकी एखादा शब्द वळणाच्या जागी येतो. त्याच्या आधी कारणे असतात, नंतर मागणी असते. आपल्या मसुद्यातील हा शब्द शोधावा. त्याच्या पुढचे वाक्य उचलून आरंभी ठेवावे आणि मग ते एकटेच वाचून पाहावे. ते स्वतःच्या पायावर उभे राहत नसेल, तर लेखकाला आपली मागणीच अजून ठरविता आलेली नाही, असे समजावे. वरील मसुद्यातील वाक्य या कसोटीला उतरत नाही, कारण त्यात चार संदिग्ध शब्दयोजना आहेत :

‘याबाबत’ – कशाबाबत? ‘योग्य तो निर्णय’ – कोणता? ‘लवकरात लवकर’ – केव्हापर्यंत? ‘गंभीर परिणाम’ – कोणावर आणि किती?

पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरातून निर्णय मिळतो, तिसऱ्यातून मुदत आणि चौथ्यातून परिणाम. ही तीन उत्तरे म्हणजेच ई-मेलचा पहिला परिच्छेद होय.

7.2.3 तीन बाबी ठरविणे

*निर्णय.* ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर देता येईल, अशी मागणी असावी. येथे ती अशी : दोन दरपत्रकांवर 1,60,000 रुपयांचा कॉम्प्रेसर घेण्यास मंजुरी.

*मुदत.* मुदत शेवटाकडून मागे मोजत यावी. जादा टँकर शुक्रवारपर्यंतच आहे. म्हणजे शनिवारी सकाळी कूलर चालू हवा. यंत्र येण्यास एक दिवस आणि बसविण्यास एक रात्र लागते. म्हणून पुरवठादाराला गुरुवारी संध्याकाळपूर्वी आदेश गेला पाहिजे. त्यावरून गुरुवार, दुपारी 4 ही वेळ निघते. अशी मुदत कशी आली, हे एका वाक्यात सांगता येते. मनाने ठरविलेली मुदत सांगता येत नाही. ती एकदा उलटूनही काही बिघडले नाही, तर पुढच्या खेपेस खरी मुदतही कोणी मानत नाही.

*परिणाम.* परिणाम आकड्यात, आरंभाच्या दिवसासह आणि तो कोणास सोसावा लागेल हे सांगून लिहावा. रोजचे संकलन 8,000 लिटर आहे, चालू कूलर 5,000 लिटरचा आहे. म्हणजे शनिवारपासून रोज 3,000 लिटर दूध नाकारावे लागेल. लिटरला 34 रुपये दराने उत्पादकांचे रोज 1,02,000 रुपयांचे नुकसान होईल. ‘गंभीर’ हे विशेषण वापरण्याची गरज उरत नाही. परिणाम निश्चित नसेल, तर ‘होईल’ऐवजी ‘होण्याची शक्यता आहे’ असे प्रामाणिकपणे लिहावे.

7.2.4 सुधारित ई-मेल

> विषय : मंजुरी हवी, गुरुवार दु. 4 पर्यंत – कूलर क्र. 2 चा कॉम्प्रेसर
>
> मा. महोदय,
>
> कूलर क्र. 2 साठी 1,60,000 रुपयांचा कॉम्प्रेसर दोन दरपत्रकांवर खरेदी करण्यास आपण मंजुरी द्यावी, ही विनंती. मंजुरी गुरुवार, दि. 16 ऑक्टोबर, दुपारी 4 पर्यंत मिळाली, तर शनिवारी सकाळी कूलर चालू होईल. न मिळाल्यास शनिवारपासून रोज 3,000 लिटर दूध नाकारावे लागेल. उत्पादकांचे नुकसान रोज 1,02,000 रुपये.
>
> आपल्या निर्णयाची गरज का : नियमानुसार तीन दरपत्रके हवीत. दोन आली आहेत. सूट देण्याचा अधिकार आपला आहे. खरेदी अधिकाऱ्यांशी आज बोललो असून त्यांना प्रत पाठवीत आहे.
>
> सद्यःस्थिती : कॉम्प्रेसर दि. 6 पासून बंद आहे व दुरुस्त होण्याजोगा नाही. टँकरची जादा फेरी शुक्रवारपर्यंतच मिळेल.
>
> दुसरा पर्याय : अन्य ठेकेदाराचा टँकर. दोघांकडे चौकशी केली; सोमवारपूर्वी वाहन उपलब्ध नाही. म्हणून खरेदीची शिफारस करीत आहे.
>
> उत्तर न आल्यास : शनिवारपासून संकलन मर्यादित राहील, अशी सूचना शुक्रवारी सकाळी मी प्राथमिक दूध संस्थांना देईन.
>
> दोन्ही दरपत्रके व तंत्रज्ञांचा अहवाल सोबत जोडला आहे.

पहिल्या मसुद्यातील जवळजवळ सर्व तथ्ये येथेही आहेत, पण त्यांची जागा बदलली आहे. पहिला परिच्छेद वाचून संचालक उत्तर देऊ शकतात. पुढील मजकूर शंका आली तरच वाचावा लागतो. विषयाच्या ओळीतही हाच फरक आहे. ‘-बाबत’ने संपणारी ओळ केवळ विषय सांगते, काय करावयाचे ते सांगत नाही. मोबाईलच्या पडद्यावर या ओळीचा सुरुवातीचाच भाग दिसत असल्याने ‘मंजुरी हवी’ हे शब्द आणि मुदत अग्रभागी ठेवली आहे.

शेवटच्या बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. ‘उत्तर न आल्यास मी अमुक करीन’ या वाक्यातील कृती लेखकाच्या स्वतःच्या अधिकारातील असली पाहिजे. ‘उत्तर न आल्यास मंजुरी आहे असे समजून खरेदी करीन’ असे व्यवस्थापकांना लिहिता येणार नाही. मौन म्हणजे संमती, असा अर्थ अधिकाराबाहेरच्या खर्चाला लावता येत नाही.

7.2.5 वाक्यरचना आणि नम्रता

मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे मागणीचे वाक्य आरंभी आणले, तरी ‘असून’, ‘असता’, ‘झाल्यामुळे’ अशा रूपांची साखळी त्यात घातली, तर ‘मंजुरी द्यावी’ हे शब्द पुन्हा मागेच पडतात. म्हणून मागणीच्या वाक्यात कारण घालू नये. कारणाला स्वतंत्र वाक्य द्यावे.

‘निर्णय घेण्यात यावा’ या रचनेत कर्ता लुप्त असतो. निर्णय कोणी घ्यावयाचा, हे वाक्य सांगत नाही. संचालक तो ई-मेल सहज दुसऱ्या विभागाकडे वळवू शकतात. ‘आपण मंजुरी द्यावी’ या रचनेत कर्ता स्पष्ट आहे.

आरंभीच मागणी करणे उद्धट वाटेल, अशी शंका अनेक विद्यार्थी घेतात. मात्र मराठीत नम्रता मुख्यतः रूपांतून व्यक्त होते : ‘तुम्ही’ऐवजी ‘आपण’, आज्ञार्थी ‘द्या’ऐवजी विध्यर्थी ‘द्यावी’, आणि ‘ही विनंती’. ही रूपे पहिल्या वाक्यातही तितकीच नम्र राहतात. मागणी दहा ओळी लांबविल्याने आदर वाढत नाही, वाचकाचा वेळ मात्र जातो.

सहकाऱ्यांविषयीही हेच भान ठेवावे. पहिल्या मसुद्यात ‘पाठपुरावा करण्यात आला असता’ या शब्दांतून खरेदी विभागावर ठपका सूचित होतो. सुधारित ई-मेलमध्ये नियमाची अडचण सांगितली आहे, व्यक्तीची नव्हे. शिवाय संबंधितांना आधी सांगून प्रत पाठविली आहे.

7.2.6 मर्यादा

हा क्रम निर्णय मागण्यासाठी आहे. जीवितास धोका असेल किंवा मुदत तासाभराची असेल, तर प्रथम दूरध्वनी करावा आणि ई-मेल नोंदीसाठी पाठवावा. एखाद्या व्यक्तीच्या वर्तनाविषयीची तक्रार या साच्यात बसवू नये. तसेच एका ई-मेलमध्ये एकच निर्णय मागावा. दोन मागितल्यास सोप्याचे उत्तर मिळते आणि अवघड तसाच राहतो.

7.3 सारांश

पारंपरिक पत्र कारणांकडून विनंतीकडे जाते. निर्णयाचा ई-मेल विनंतीपासून सुरू होतो. पहिल्या परिच्छेदात ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल असा निर्णय, मागे मोजून काढलेली मुदत आणि आकड्यातील परिणाम असावा. मागणीचे वाक्य लहान व सकर्तृक असावे. नम्रता ‘आपण’ आणि ‘द्यावी’ या रूपांनी राखावी.

7.4 स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. ‘सबब’ची कसोटी सोदाहरण स्पष्ट करा.
2. ‘कार्यवाही करण्यात यावी’ आणि ‘आपण आदेश द्यावा’ या रचनांतील फरक सांगा.
3. ‘उत्तर न आल्यास’ या भागात कोणती कृती लिहिता येत नाही? का?

7.5 उपक्रम

आपण पूर्वी लिहिलेले एखादे विनंतीपत्र घ्या. त्यातील ‘सबब’ किंवा ‘तरी’ या शब्दानंतरचे वाक्य अधोरेखित करा. निर्णय, मुदत व परिणाम यांपैकी त्यात काय नाही, ते समासात लिहा आणि पहिला परिच्छेद तीन वाक्यांत पुन्हा लिहून संपर्क सत्रास आणा.