खाटेवरून खुर्चीत

डोंबिवली पूर्वेला, रेल्वेच्या रुळांपासून जवळच, आमच्या शेजारच्या खोलीत एक आजी राहतात. वय ७४, वजन ५२ किलो. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. डावी बाजू मात्र चांगली राहिली. बोललेले सगळे कळते, थोडे बोलताही येते. मुलगा सकाळच्या लोकलने ठाण्याला कामावर जातो. घरी आजी आणि सूनबाई.

इस्पितळातून आल्यावर मुलाने चाकांची खुर्ची आणली. आजींची एकच इच्छा होती, गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहाव्यात. सूनबाईंनी आम्हाला हाक मारली. "मास्तर, जरा हात लावता का?" आम्ही गेलो. एका काखेत त्यांनी हात घातला, दुसऱ्या काखेत आम्ही. एक, दोन, तीन म्हटले आणि आजींना उचलले. खुर्चीला ब्रेक लावायचे कोणालाच सुचले नव्हते. ती वीतभर मागे सरकली. आजी कशाबशा खुर्चीच्या कडेवर टेकल्या. सूनबाईंची कंबर धरली आणि आजींचा उजवा खांदा रात्रभर ठणकत राहिला. पुढे आठ दिवस खुर्ची दारामागे उभी होती. तिच्यावर कपडे वाळत होते.

मग व्यायामोपचार करणाऱ्या बाई घरी आल्या. त्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतात. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "मास्तर, आजींना उचलायचेच नाही. आजींच्या चांगल्या पायाला उभे राहू द्यायचे, आणि आपण नुसते वळवायचे." त्यांनी जे शिकवले तेच आम्ही या धड्यात सांगत आहोत.

उचलू का नये?

माणूस म्हणजे तांदळाचे पोते नव्हे. पोते अंगाशी घट्ट धरता येते, आणि ते मध्येच हलत नाही. माणूस हलतो, घाबरतो, एका बाजूला कलतो. अमेरिकेत एका तज्ज्ञाने याचा हिशेब करून २००७ साली सांगितले, की सगळे सोयीचे असले तरी रोग्याच्या वजनाचा ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १६ किलोंपेक्षा जास्त भार एका माणसाने हातांनी उचलू नये. आमच्या आजी ५२ किलोंच्या. दोघांनी वाटून घेतले तरी एकेकाला २६ किलो होतात. सूनबाईंची कंबर का धरली, ते यावरून कळेल.

काखेत हात घालण्यात आणखी एक धोका आहे. लुळ्या हाताचे स्नायू सैल पडलेले असतात. खांद्याचा सांधा जागेवर धरून ठेवायला ते पुरे पडत नाहीत. अशा वेळी काखेतून उचलले किंवा हात धरून ओढले, तर सांधा खाली सरकतो आणि दुखणे महिनोन् महिने राहते. म्हणून लुळा हात कधी ओढू नये. रोग्याने आपल्या गळ्यात हात घालून लोंबकळणेही नको. त्याने आपलीच मान आणि पाठ दुखावते.

आधीची तयारी

पहिली गोष्ट उंचीची. आजींची खाट गादीसकट १४ इंच उंच होती आणि खुर्चीची बैठक १९ इंच. खालून वर चढायचे म्हणजे पायाला दुप्पट कष्ट. बाईंनी खाटेच्या चारही पायांखाली ४ इंचांचे लाकडी ठोकळे ठेवायला सांगितले. खाटेचा पाय घसरू नये म्हणून प्रत्येक ठोकळ्याला खोबण करून घेतली. आता खाट १८ इंच झाली. कडेवर बसल्यावर आजींचे तळवे जमिनीला पूर्ण टेकतात. तेवढेच हवे. तळवे अधांतरी राहिले तर खाट फार उंच झाली असे समजावे.

दुसरी गोष्ट खुर्चीच्या जागेची. खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला ठेवावी. आजी खाटेच्या डाव्या कडेवरून पाय खाली सोडून बसतात. तेव्हा त्यांचा डावा हात उशाकडे येतो. म्हणून खुर्ची उशाकडच्या बाजूला, खाटेला चिकटवून, थोडी तिरपी ठेवायची. नंतर दोन्ही चाकांचे ब्रेक लावावेत आणि खुर्ची ढकलून पाहावी. हलली नाही तरच पुढे जावे. पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडून बाजूला कराव्यात, नाहीतर पाय त्यांत अडकतो. फरशी कोरडी असावी. आजींच्या पायांत मोजे नसावेत, ते फरशीवर घसरतात. लुगड्याचा घोळ पायांत येणार नाही असा वर खोचून घ्यावा. लघवीची नळी लावली असेल तर तिची पिशवी आधी खुर्चीच्या बाजूला अडकवावी, पण ती ओटीपोटाच्या खालीच राहिली पाहिजे.

तिसरी गोष्ट पट्ट्याची. कंबरेला बांधायचा रुंद, बकलाचा पट्टा औषधी सामानाच्या दुकानात मिळतो. तो कपड्यांवरून कंबरेला बांधावा. आत दोन बोटे जातील इतपत घट्ट असावा. धरायचे ते या पट्ट्याला. साडीला नाही, परकराच्या नाडीला नाही आणि हाताला तर नाहीच. पोटाचे नुकते ऑपरेशन झाले असेल किंवा पोटात नळी असेल, तर पट्टा बांधण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

उठवून बसवणे

आजींचे गुडघे वाकवून त्यांना डाव्या कुशीवर वळवावे. मग पाय खाटेखाली सोडावेत. पाय खाली जातात तसे धड आपोआप वर येऊ लागते. आजी डाव्या कोपराने रेटतात, आणि आपण पाठीमागून खांद्याच्या फऱ्याला हात लावून आधार देतो. लुळा हात त्यांच्या मांडीवर ठेवावा.

बसवल्यावर लगेच उभे करू नये. बरेच दिवस निजून राहिलेल्या माणसाचा रक्तदाब बसल्याबरोबर खाली जातो. डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम सुटतो, चेहरा पांढरा पडतो. दोन-तीन मिनिटे थांबावे आणि त्यांच्याशी बोलत राहावे. चक्कर आली तर परत निजवावे. त्या दिवशी खुर्चीचा हट्ट धरू नये.

उभे करून वळवणे

आता सूनबाई आजींच्या समोर उभ्या राहतात. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. आजींना थोडे पुढे सरकवून त्यांच्या टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्यायच्या. सूनबाई आपला डावा गुडघा आजींच्या उजव्या, लुळ्या गुडघ्याला समोरून टेकवतात. तो गुडघा मोडू नये म्हणून ही अडसर. दोन्ही हातांनी पट्टा धरतात.

"आजी, पुढे वाका. नाक पायांच्या बोटांवर आले पाहिजे," असे बाईंनी शिकवले. यातच सगळी गंमत आहे. अंग पुढे झुकले की बसायचा भाग आपोआप हलका होतो. सरळ बसलेल्या माणसाला वर ओढायला गेलो तर दहा जणांचे बळ पुरत नाही. तीन आकडे मोजावेत. तीनला आजी डाव्या हाताने खाट रेटतात, डाव्या पायावर भार घेतात आणि उठतात. सूनबाई मागच्या पायावर भार घेत पट्टा आपल्याकडे घेतात. जोर मांड्यांचा लावायचा, कंबरेचा नाही.

उभे राहिल्यावर क्षणभर थांबावे. मग छोटी छोटी पावले टाकत दोघींनी वळावे. सूनबाईंनी पाय जागेवर ठेवून कंबर पिळू नये. कंबर धरते ती बहुधा इथेच. आजींच्या पायांच्या मागच्या बाजूला खुर्ची लागली की त्या डाव्या हाताने खुर्चीचा लांबचा हात धरतात, पुन्हा पुढे वाकतात आणि सावकाश बसतात. धपकन बसू देऊ नये. मग पट्ट्या खाली करून त्यांवर पाय ठेवावेत आणि पाठ खुर्चीला नीट टेकली आहे ना ते पाहावे.

परत खाटेवर येताना खुर्ची फिरवून पायथ्याकडे, उशाकडे तोंड करून ठेवावी. म्हणजे खाट पुन्हा आजींच्या चांगल्या, डाव्या बाजूला येते. हे विसरले की लुळ्या पायावर भार येतो आणि पडण्याचा धोका वाढतो.

मध्येच पाय मोडला तर?

अशा वेळी धरून ठेवण्याचा हट्ट करू नये. खाट किंवा खुर्ची, जे जवळ असेल त्यावर बसवावे. तेही जमत नसेल तर आपल्या पायाला टेकवून त्यांना हळूच जमिनीवर सरकू द्यावे आणि डोके सांभाळावे. जमिनीवर आलेल्या माणसाला एकट्याने उचलू नये. कुठे लागले आहे का पाहून शेजाऱ्यांना बोलवावे. मार लागला असेल तर हलवू नये, डॉक्टरांना आणावे.

हा उपाय कोणासाठी नाही

ज्याचा एक पाय तरी अंगाचा भार घेऊ शकतो आणि ज्याला आपले बोलणे समजते, त्याच्यासाठीच ही रीत आहे. पारख सोपी आहे. रोगी खाटेच्या कडेवर एक मिनिट तोल सांभाळून बसतो का? पुढे वाकून रेटल्यावर बूड खाटेवरून सुटते का? दोनदा करूनही सुटले नाही तर तिसऱ्यांदा ओढू नये. ज्याचे दोन्ही पाय गेले आहेत त्याला उभे करायचे नसते. त्याच्यासाठी सरकण्याची गुळगुळीत फळी असते, आणि अंगाने जड रोग्यासाठी झोळीचे उचलण्याचे यंत्र. ती रीत जाणकाराकडून प्रत्यक्षच शिकावी लागते. मुंबईला हाजी अलीजवळ याच कामासाठी १९५५ साली स्थापन झालेली सरकारी संस्था आहे. ठाणे-कल्याणच्या माणसाला महालक्ष्मी स्टेशनावरून तिथे जाता येते. आमची ही रीतसुद्धा पहिल्यांदा जाणकारासमोरच करून पाहावी.

आजींना ओढत, घासत कधी सरकवू नये. त्याने माकडहाडावरची कातडी सोलवटते आणि जखम धरते. परत निजवल्यावर तो भाग रोज पाहावा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, किंवा बोटाने दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर ती जखमेची सुरुवात समजून डॉक्टरांना दाखवावे.

आता सूनबाई हे एकट्याने करतात. आम्ही फक्त ब्रेक तपासायला जातो. संध्याकाळी आजी गॅलरीत बसतात. परवा आम्हाला म्हणाल्या, "मास्तर, आज गाडी चार मिनिटं उशिरा आली." मुलगा कोणत्या गाडीने येतो ते त्यांना पाठ झाले आहे.

आता सांगा

१. आजींची खुर्ची उशाकडे का ठेवली? परत येताना ती कुठे ठेवावी?
२. "नाक बोटांवर आणा" असे बाई का म्हणाल्या?
३. तुमच्या घरची खाट आणि खुर्ची मोजा. दोहोंच्या उंचीत किती इंचांचा फरक आहे ते लिहा.