शत्रूचा शिपाई काय ओरडतो

मारेगावात बसून मी एका छोट्या नेमबाजीच्या गेमसाठी शत्रूच्या शिपायांच्या आरोळ्या लिहितो, आपल्या वऱ्हाडीत. काम दोन-तीन शब्दांचं दिसतं. पण खेळणाऱ्याला भिंतीपलीकडचा शिपाई दिसत नाही, तो फक्त ऐकू येतो. त्याचं काय चाललंय हे त्या दोन शब्दांतूनच कळायला हवं.

१. आधी अवस्था लिहा, ओळ नंतर. १९९८ सालच्या ‘हाफ-लाइफ’मधल्या सैनिकांची वाक्यं `sentences.txt` नावाच्या फाइलीत गटागटांनी ठेवली होती. पायाशी बॉम्ब पडला की `HG_GREN`, आडोशाकडे पळताना `HG_COVER`. मी वहीत तसेच रकाने पाडतो : संशय आला, दिसला, नजरेआड झाला, गोळ्या संपल्या, लागलं, एकटा उरला. जी ओळ दोन रकान्यांत चालते ती खोडतो. ‘सोडू नका त्याले!’ ऐकायला जोरकस आहे, पण शिपायाला खेळाडू दिसतोय की तो त्याला शोधतोय, ते त्यातून कळत नाही. ‘दिसून नाही राह्यला!’ यातून लगेच कळतं, आणि खेळाडू तेवढ्यात जागा बदलतो.

२. बातमी पहिल्या शब्दात. आमच्याकडे कपाशीत रानडुकरं शिरली की रात्री जागलीवरचा माणूस शेजारच्या शेताला ओरडून सांगतो, ‘खालच्या धुऱ्यानं गेले!’ दिशा आधी, बाकीचं मागून. बंदुकांच्या आवाजात वाक्याचं शेपूट हरवतं, म्हणून ‘तो आपल्या मांगून येऊन राह्यला’ यापेक्षा ‘मांगून आला बे!’ बरं. मात्र खेळाडूचं पात्र बाईचंही असू शकत असेल, तर ‘आला’ अडचणीत आणतं. तिथं ‘मांगं पाय!’ लिहावं, म्हणजे एकच ध्वनिमुद्रण दोन्हीकडे चालतं. ‘गोया सरल्या!’ आणि ‘लागली मले!’ या ओळी तर कुणीही बोलू शकतं.

३. ‘हाफ-लाइफ’मध्ये एका सैनिकानं तोंड उघडलं की पुढचे दीड ते दोन सेकंद टोळीतले बाकीचे गप्प राहतात. हा हिशेब लिहिणाऱ्यानंही धरावा. माझी ओळ दीड सेकंदात संपली नाही, तर पुढची तिच्यावर चढते आणि दोन्ही वाया जातात. घड्याळ लावून, ओरडूनच मोजावं. मनात वाचलेली ओळ नेहमी आखूड वाटते.

४. पुनरुक्तीचा प्रश्न निव्वळ जास्त ओळी लिहून सुटत नाही. दर वेळी फासा टाकून ओळ निवडली, तर चार ओळींतही तीच लागोपाठ येते. ‘हाफ-लाइफ’ गटातल्या ओळी पत्त्यांसारख्या पिसून एकेक वापरतो आणि सगळ्या संपल्यावरच पुन्हा पिसतो. उपाय चांगला आहे, पण सांध्यावर गळतो : जुन्या फेरीची शेवटची ओळ नव्या फेरीची पहिली ठरू शकते. चार ओळींचा गट असेल तर ही शक्यता चारात एक. म्हणून आमच्या प्रोग्रामरला मी एक अट घालायला लावली. नवी पहिली ओळ जुन्या शेवटच्या ओळीसारखीच निघाली, तर तिची दुसरीशी अदलाबदल करायची.

लिहिणाऱ्याच्या हातातली गोष्ट वेगळीच आहे. साधी ओळ परत आली तर कान तिला माफ करतो, नटवलेली ओळ दुसऱ्यांदाच पकडली जाते. २०११च्या ‘स्कायरिम’मधल्या पहारेकऱ्यांचं गुडघ्यात बाण लागल्याचं वाक्य जगभर थट्टेचा विषय झालं, कारण त्यात एका माणसाची खास कहाणी होती आणि ती अनेक पहारेकरी सांगत होते. ‘गोया सरल्या!’ मिनिटाला एकदा येऊ शकते. तिच्या भावंडांतही मी बातमी तीच ठेवतो : ‘खाली झाली!’, ‘भरून राह्यलो, सांभाळ!’, ‘थांब, गोया!’ म्हण, शिवी, आईची आठवण असली ओळ मात्र एका लढाईत एकदाच वाजेल अशी खूण करून देतो. एकट्या उरलेल्या शिपायाला तीन ओळी पुरतात, गोळ्या भरणाऱ्याला आठही कमी पडतात.

५. काहीच न करणाऱ्या शिपायालाही ओळ द्या. हे मी ‘फिअर’ (२००५) या गेमकडून शिकलो. त्याचे प्रोग्रामर जेफ ऑर्किन यांनी २००६मध्ये त्यावर एक निबंध मांडला. गोळीबारात सापडलेल्या शिपायाला जायला सुरक्षित जागाच नसेल, तर तो जागीच उभा राहतो आणि मठ्ठ वाटतो. त्यांनी तिथं दोघांचा संवाद घातला : एक त्याला तिथून निघायला सांगतो, दुसरा म्हणतो जायला जागाच नाही. शेवटचा उरलेला शिपाई कुमक मागतो. प्रत्यक्षात कुमक बोलावण्याची सोय गेममध्ये नव्हतीच, पण पुढच्या खोलीत शत्रू भेटले की खेळाडूला ती कुमकच वाटते.

आमच्या गेममध्ये पडक्या जिनिंगच्या अंगणात शिपाई असाच अडकायचा. आता साथीदार ओरडतो, ‘निंघ तेथून!’ आणि तो उत्तर देतो, ‘कोठी जाऊ बे?’ ही जोडी त्या एका अंगणापुरतीच आहे, आणि उत्तर देणारा आधीच पडला असेल तर पहिली ओळही वाजवायची नाही, असं तिच्यापुढे लिहून ठेवलं आहे.