वायरी एका पोत्यात नकोत

प्रश्न : आमचं करसल्लागाराचं सहा टेबलांचं ऑफिस साताऱ्याहून सांगलीला हलवायचं आहे. टेम्पोवाला म्हणतो, सगळ्या वायरी एका पोत्यात भरा, सारख्याच तर असतात. चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पॉवर कॉर्ड बहुतेक सारख्या असतात, अडॅप्टर नसतात. राउटरचा बहुधा १२ व्होल्टचा, लॅपटॉपचा १९ च्या आसपास. पिन बसली म्हणून चुकीचा लावलात, तर राउटर जळू शकतो. म्हणून वायरी काढण्यापूर्वी यंत्राच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो घ्या. मग कागदी टेपची पट्टी वायरीच्या दोन्ही टोकांना आणि अडॅप्टरवर चिकटवा. पट्टीवर नाव लिहा: ‘३-मॉनिटर’ म्हणजे तिसऱ्या टेबलाचा मॉनिटर. एकाच टोकाला पट्टी लावली, तर टेबलाखाली वाकून शोधणं काही चुकत नाही.

प्रत्येक टेबलाचा एक खोका आणि त्यावर यादी: सीपीयू, मॉनिटर, कीबोर्ड, माउस, वायरी, खणाच्या किल्ल्या. यादीवर खूण ज्याचं टेबल त्यानंच करावी. हिशेबाचा बॅकअप आदल्या रात्री घ्या. ती डिस्क टेम्पोत नको, तुमच्याजवळ ठेवा.

सांगलीत आधी प्लगचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासा. मग राउटर, मुख्य संगणक, प्रिंटर आणि एकच टेबल लावा. तिथून प्रिंट निघाली की उरलेले खोके फोडा. फायली शेवटी. गाळा तळमजल्यावर असेल, तर २०१९ च्या पुराचं पाणी तिथं कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि मुख्य संगणक त्याहून वर ठेवा.