आधी फोन, मग पत्र

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा तू रडवेली झाली होतीस. शुक्रवारी इथं, छत्रपती संभाजीनगरात, वारसा सप्ताहाच्या चर्चासत्रात नहर-ए-अंबरीवर तुझं व्याख्यान, आणि बुधवारी संध्याकाळी तिकडं पुण्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, शुक्रवारी सकाळीच ऑपरेशन. यायचं नाही हे ठरलेलंच होतं. तुझा प्रश्न एवढाच होता, "काका, कळवू कसं? व्हॉट्सॲपवर मोठा मेसेज लिहून ठेवलाय." तो पाठवू नकोस म्हणालो आणि घाईत चार गोष्टी सांगितल्या. त्या आता नीट लिहून देतो. तीस वर्षं अशी चर्चासत्रं भरवली, त्यातलं हे शहाणपण आहे. थोडं स्वतःच्या चुकीतूनही आलंय.

आधी फोन करायचा, आणि तो समन्वयकाला. प्राचार्यांना नाही, तुला ओळखणाऱ्या तिथल्या मैत्रिणीलाही नाही. मेसेज कधी वाचला जाईल याचा भरवसा नसतो आणि आयोजकाचा एकेक तास मोजका असतो. पत्रिका छापून वाटलेली असते, तिचं काही करता येत नाही. पण फ्लेक्स बहुधा आदल्या दिवशी छापायला जातो, स्मृतिचिन्हावर नाव घालायचं असतं, सूत्रसंचालन करणारी मुलगी तुझा परिचय पाठ करत असते. बुधवारी रात्री नऊला कळलं तर यातलं बरंच वाचतं. गुरुवारी दुपारी कळलं तर तुझं नाव फ्लेक्सवर आणि खुर्ची रिकामी. "सकाळी शांतपणे बोलू" असं मनात येतं, कारण तोंड दाखवायची लाज वाटते. ती लाज आपली. तिच्यापायी त्यांची रात्र वाया घालवायची नाही.

फोनवर पहिल्याच वाक्यात सांगायचं की मी येऊ शकत नाही. "जमेल असं वाटत नाही", "बघते, प्रयत्न करते" असलं काही नको. समोरचा माणूस आशेवर राहतो आणि पर्याय शोधत नाही. तसंच "ऑनलाइन बोलते" हेही भिडेपोटी म्हणायचं नाही. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून तू चाळीस मिनिटं बोलणार होतीस का? त्यांनी तेवढ्यासाठी पडदा, स्पीकर, नेट यांची तयारी केली असती आणि ऐन वेळी तू दुसऱ्यांदा माघार घेतली असतीस.

कारण एका वाक्यात सांगायचं, आणि खरं सांगायचं. आपल्याकडं चर्चासत्रांचं जग लहान आहे. आजारी म्हणून कळवलेला वक्ता त्याच दिवशी दुसऱ्या गावच्या व्यासपीठावर फोटोत दिसला, तर पुढची दहा वर्षं त्याचीच गोष्ट सांगतात. 1885 साली महात्मा फुल्यांनी मराठी ग्रंथकार सभेला न येण्याचं पत्र न्यायमूर्ती रानड्यांना लिहिलं, त्यात कारण हाच पत्राचा गाभा होता, कारण तो मतभेद होता आणि तो जगाला कळायलाच हवा होता. तुझी अडचण घरगुती आहे. ती जितकी वाढवून सांगशील, तितकं समन्वयकाला तुझं सांत्वन करत बसावं लागेल, आणि त्याच्याकडं तेवढा वेळ नाही.

आता बदली वक्ता. इथं लोक सर्वांत जास्त चुकतात. नाव सुचवताना आपला मित्र कोण हे बघायचं नाही. सत्राला काय हवंय ते बघायचं. तुझा विषय मलिक अंबरची नहर: डोंगराकडून शहरात जमिनीखालून आलेलं पाणी, मधले उभे मनोरे, त्यातलं तंत्र. मला आधी एक इतिहासाचे प्राध्यापक आठवले, बोलतात फर्डं. पण त्यांचा अभ्यास मुक्तिसंग्रामाचा. दुसरे एकजण पाणचक्कीवर छान बोलतात, पण पाणचक्कीची नहर वेगळी, तिचा काळही नंतरचा. सत्रात तुझ्या आधीचा निबंध मलिक अंबरनं 1610 मध्ये वसवलेल्या खडकीवर होता. त्याला जोडूनच पुढचं बोलणं यायला हवं. म्हणून मी तुला ते निवृत्त अभियंते सुचवले. सभाधीट नाहीत, पण नहरीच्या कडेनं स्वतः चाललेत, मनोरे मोजलेत. शिवाय ते याच शहरात राहतात. दोन दिवसांवर आलेल्या कार्यक्रमाला पुण्या-मुंबईचं नाव सुचवणं म्हणजे आयोजकाच्या डोक्यावर आणखी एक गाडी आणि आणखी एक खोली. एका नावावर थांबायचं नाही, दोन द्यायची. म्हणजे निवड त्यांच्या हातात राहते.

नाव देण्याआधी त्या माणसाला विचारायचं, पण काय विचारायचं ते नीट ऐक. "शुक्रवारी सकाळी तुम्ही मोकळे आहात का? तुमचं नाव आयोजकांना सुचवू का, नंबर देऊ का?" एवढंच. "माझ्या जागी तुम्ही जा" असं म्हणायचं नाही. व्यासपीठ आयोजकांचं, निमंत्रणही त्यांचंच. आणि तुझा कागद त्यांच्या हातात कोंबायचा नाही. ते त्यांचं बोलतील. टिपणं मागितली तर द्यायची.

फोन झाला की तासाभरात ईमेल, कारण समन्वयकाला तो पुढं प्राचार्यांना आणि समितीला दाखवायचा असतो. तुला सांगितलेला मसुदा असा होता:

"आदरणीय सर, मघाशी फोनवर बोलल्याप्रमाणे, शुक्रवारच्या दुसऱ्या सत्रातील 'नहर-ए-अंबरी' या व्याख्यानासाठी मी येऊ शकणार नाही. सासूबाईंचे त्याच दिवशी तातडीचे ऑपरेशन आहे. पत्रिका वाटून झाल्यावर, दोनच दिवस आधी कळवत आहे. आपल्याला सत्राची जुळणी नव्याने करावी लागेल, याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. पर्याय म्हणून दोन नावे, त्यांचे फोन क्रमांक आणि परिचय खाली देत आहे. दोघेही शहरातच राहतात आणि त्या दिवशी मोकळे आहेत. निमंत्रण मी दिलेले नाही, निर्णय आपला. माझ्यासाठी ठरवलेली गाडी आणि विश्रामगृहातील खोली कृपया रद्द करावी."

बघ, क्षमा एकदाच मागितली आहे, आणि नेमकी कशाबद्दल ते सांगून. चार वेळा माफी मागितली की समोरच्याला चार वेळा "असू द्या" म्हणावं लागतं. गाडी आणि खोलीचं वाक्य मात्र विसरायचं नाही. गडबडीत त्या रद्द करायच्या राहतात आणि महाविद्यालयाला फुकटचा भुर्दंड बसतो.

आता माझी चूक. एकदा मलाही असंच आदल्या दिवशी माघार घ्यावी लागली. मी एका मित्राला परस्पर सांगून टाकलं, "तू जा, मी त्यांना कळवतो." कळवलं, पण रात्री उशिरा. तोवर त्यांनी दुसऱ्या सत्रातल्या वक्त्याला पुढं घेऊन वेळ भरून काढली होती. मित्रानं रात्र जागून भाषण लिहिलं, सकाळी इस्त्रीचा सदरा घालून सभागृहात गेला. सूत्रसंचालकानं त्याचं नाव घेतलंच नाही. तो तिसऱ्या रांगेत, मांडीवर फाईल ठेवून, दुपारच्या जेवणापर्यंत बसून राहिला. मला तो कधी काही बोलला नाही. ती फाईल मात्र त्यानं संध्याकाळी माझ्याकडं आणून दिली, "तुझ्या विषयाची आहे, तुला लागेल" म्हणून.