कोलॅजनचा डबा घेण्याआधी

रोवणी आटोपली की सिंदेवाहीत गुडघ्यांच्या तक्रारी वाढतात. दिवसभर चिखलात वाकून राहिलेल्या बायांना मोबाईलवर जाहिरात दिसते: कोलॅजन घ्या, सांधे मोकळे, चेहरा तजेलदार.

समजा, २५० ग्रॅमचा डबा १२०० रुपयांना आहे आणि रोज १० ग्रॅम घ्यायचे आहेत. डबा २५ दिवसांत संपतो आणि रोजचे ४८ रुपये पडतात. फरक दिसायला तीन महिने लागतील, असं विकणारेच सांगतात. म्हणजे खर्च सव्वाचार हजारांच्या वर. गोळ्यांचा हिशेब तर आणखी फसवा असतो. ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांतून १० ग्रॅम मिळवायला रोज वीस गोळ्या लागतील.

आता ते पोटात गेल्यावर काय होतं ते पाहू. कोलॅजन असो वा जिलेटिन, आतडं त्याचे तुकडे करतं. बहुतेक अमिनो आम्लं होतात. दोन-तीन अमिनो आम्लांचे काही छोटे तुकडे मात्र शाबूत राहून रक्तात पोचतात, आणि हे माणसांच्या रक्तात मोजलेलंही आहे. पण तिथून ते नेमके गुडघ्यात जाऊन बसत नाहीत. कोलॅजनची खूण असलेलं हायड्रॉक्सिप्रोलीन तर शरीर नव्या कोलॅजनसाठी परत वापरूच शकत नाही. पेशी आधी साधं प्रोलीन साखळीत गुंफते आणि मग क जीवनसत्त्वाच्या मदतीने त्याचं रूपांतर करते.

हे तुकडे पेशींना 'कामाला लागा' असा इशारा देत असतील, हा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. २०२५ मध्ये त्वचेवरच्या २३ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा सगळ्या मिळून फायदा दिसला. पण औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या तेवढ्याच वेगळ्या पाहिल्यावर तो दिसेना. सांध्यांबाबतचा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्येच पुराव्याअभावी नाकारला. दुखणं थोडं कमी झाल्याचं सांगणाऱ्या काही चाचण्या आहेत, पण कूर्चा पुन्हा वाढते असं त्यांतून सिद्ध होत नाही.

तरी घ्यायचंच असेल, तर पुढच्या बाजूचा फोटो सोडा आणि मागचा तक्ता वाचा. एका मात्रेत कोलॅजन किती ग्रॅम, ते बघा. 'शाकाहारी कोलॅजन' लिहिलेल्या डब्यात बहुधा कोलॅजन नसतंच, क जीवनसत्त्व आणि वनस्पतींचे अर्क असतात. खरं कोलॅजन मुख्यतः जनावराच्या किंवा माशाच्या कातड्या-हाडांतून येतं, त्यामुळे शाकाहारी माणसाने डब्यावरची शाकाहार-मांसाहाराची खूण तपासावी. माशाची ॲलर्जी असेल तर स्रोत विचारूनच घ्या.

त्याच ४८ रुपयांत साधारण सहा अंडी येतात. त्यांत ३६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि कोलॅजनमध्ये नसलेलं ट्रिप्टोफॅनही असतं. पायाचा रस्सा आवडत असेल तर खुशाल खा, पण औषध म्हणून नव्हे.

गुडघा सुजला असेल, सकाळी बराच वेळ आखडत असेल किंवा पाय टेकवत नसेल, तर आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.